‘अजून एकच बदल’ आणि वाढलेलं बिल

या सदराकडे डिझायनर मंडळींची जी पत्रं येतात, त्यांतली निम्मी एकाच ठिकाणी अडकलेली असतात. कोटेशन एका रकमेचं दिलं, बदल होत गेले, आता जादा राउंडचे तासाने पैसे लावायचेत, तर ईमेल कसा लिहू? गावं वेगळी, गोंधळ तोच. म्हणून या वेळी सगळी पत्रं त्याच विषयावरची घेतली आहेत. मी पंचवीस वर्षं पाकिटं, लेबलं आणि खोकी डिझाइन करतो. वकील नाही, सीए नाही. जिथे त्यांचं काम आहे तिथे तुम्हाला त्यांच्याकडेच पाठवणार, त्यावर रुसू नका.

मी सुधारित कोटेशन ईमेल केलं, क्लायंटने काहीच उत्तर दिलं नाही. म्हणजे आता नवं लागू झालं ना?

नाही. त्यांचा होकार येईपर्यंत जुनंच चालू. ईमेलवर नुसतं ‘मान्य’ आलं तरी पुरतं, पण ते यायला हवं.

तीन चवींच्या मसाला पाकिटांचं काम ३६,००० रुपयांना घेतलं. कोटेशनमध्ये दोन राउंड धरले होते, पुढे तासाला ९०० रुपये असं लिहिलंय. आता पाचवा राउंड संपलाय आणि मालक सहाव्याचं बोलतायत. मी मध्ये काहीच बोलले नाही. ईमेल लिहून ठेवलाय: ‘सर, बरेच बदल झाल्यामुळे रक्कम थोडी वाढवून ५०,००० करावी ही विनंती. कृपया राग मानू नये.’ पाठवू का? (कोल्हापूर)

पाठवू नका.

५०,००० कुठून आले? तुम्हाला माहीत नाही, मालकांना तर नाहीच नाही. ‘बरेच बदल’, ‘थोडी वाढवून’ ही भाषा वर्गणी मागायची आहे. कोटेशनमध्ये दर लिहिलेला असताना विनंती कसली करता? हिशेब द्या.

पण त्याआधी माझं नेहमीचं दुखणं ऐकून घ्या. ‘मी मध्ये काहीच बोलले नाही’ हे वाक्य मला दर महिन्याला कुणी ना कुणी लिहितं. तिसऱ्या राउंडचे, रंगाचे बदल ज्या दिवशी आले, त्या दिवशी फाइल उघडण्याआधी दोन ओळी पाठवायच्या होत्या: ‘ठरलेले दोन राउंड झाले. हा तिसरा, अंदाजे अडीच तास, २,२५० रुपये. सुरू करू?’ बस. त्या वेळी मालकांच्या हातात निवड होती. कदाचित त्यांनी लाल रंगच ठेवला असता. आज काम होऊन गेलंय, निवड गेलीय, आणि उरलंय ते फक्त बिल. माणूस पैशांवरून जितका चिडत नाही तितका न विचारण्यावरून चिडतो.

मी हे कुणाला शिकवतोय असं नाही, स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या काळात एका मिठाईवाल्यांच्या दिवाळीच्या खोक्याचे मी नऊ राउंड केले. एका शब्दाने बोललो नाही, शेवटी जादा बिल पाठवलं. ते शांतपणे म्हणाले, ‘अहो, मला वाटलं तुमचंच समाधान होत नाहीये, म्हणून तुम्ही करताय.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ रकमेवर गप्प बसलो.

तुमची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे, कारण दर लेखी आहे. तरीही तीन राउंड गप्प राहिल्यामुळे ‘तुम्हीच ती अट सोडून दिलीत असं आम्हाला वाटलं’ असं ते म्हणू शकतात. रक्कम मोठी असती तर आधी वकिलाला कोटेशन दाखवा म्हटलं असतं. इथे नीट लिहिलेला ईमेल आणि त्याआधीचा एक फोन पुरेल. आधी फोनच करा. पैशांचा ईमेल कुणाच्याही इनबॉक्समध्ये एकदम जाऊन आदळू नये. आणि फोनवर बोललेलं त्याच दिवशी ईमेलमध्ये उतरू द्या.

तुम्ही सोबत पाठवलेल्या नोंदींवरून हिशेब मांडतो. तिसरा राउंड अडीच तास. चौथा दोन तास, पण त्यातला अर्धा तास गोडा मसाल्यावर २०० ग्रॅमऐवजी १०० ग्रॅम पडलं होतं ते दुरुस्त करण्यात गेला. ती चूक तुमची, तो अर्धा तास तुमचा. पाचवा तीन तास. म्हणजे लावण्यासारखे सात तास, ६,३०० रुपये. तुमच्या मनातल्या १४,००० च्या निम्मेसुद्धा नाहीत. बघा, न मोजता आकडा लिहिला असता तर काय झालं असतं. ईमेल असा जाऊ द्या:

> विषय: मसाला पाकिटे (३ चवी) – सुधारित कोटेशन, राउंड ३ ते ६
>
> नमस्कार,
>
> सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे हिशेब पाठवत आहे. आपल्या मूळ कोटेशनमध्ये बदलांचे दोन राउंड धरले होते आणि पुढच्या कामाला तासाला ९०० रुपये ठरले होते. तिसरा राउंड सुरू करतानाच मी हे सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.
>
> राउंड ३, तिन्ही पाकिटांचा रंग बदलणे: २ तास ३० मिनिटे
> राउंड ४, पोषणमूल्यांचा नवा तक्ता तिन्हींवर: १ तास ३० मिनिटे (वजनाची चूक माझी होती, तो अर्धा तास धरलेला नाही)
> राउंड ५, नवा लोगो तिन्हींवर बसवणे: ३ तास
> एकूण ७ तास, ६,३०० रुपये
>
> सहाव्या राउंडसाठी आपण सांगितलेले बदल (मागचा मजकूर आणि क्यूआर कोड) २ ते ३ तासांचे आहेत. याच बदलांना जास्त वेळ लागला तरी २,७०० रुपयांच्या वर लावणार नाही. यादीत नसलेलं काही आलं तर आधी विचारेन.
>
> पाचव्या राउंडवर थांबलो तर एकूण ४२,३०० रुपये. सहावा केला तर जास्तीत जास्त ४५,००० रुपये. यातले १८,००० रुपये अॅडव्हान्स मिळाले आहेत.
>
> दोन्हींपैकी काय करायचं ते शुक्रवारपर्यंत याच ईमेलला उत्तर देऊन कळवावं. उत्तर आलं की काम सुरू करते.

यात माफीचं वाक्य एकच आहे आणि ते राहून गेलेल्या गोष्टीबद्दल आहे, पैसे मागितल्याबद्दल नाही. अर्ध्या तासाची वजावट लिहून दाखवलीय, कारण मालकांना ती चूक आठवत असणारच. तुम्ही स्वतः काढली की बाकीच्या सात तासांवर विश्वास बसतो. कमाल रक्कम दिलीय, कारण ‘तासाने’ हा शब्द ऐकला की माणसाला रिक्षाचं मीटर दिसायला लागतं. आणि थांबायचा पर्यायही दिलाय. कित्येकदा क्लायंट थांबतो आणि पाकीट त्यामुळे बिघडत नाही, उलट सुधारतं.

ते घासाघीस करतील. मधल्या तीन राउंडचं न सांगितल्याची किंमत म्हणून ६,३०० मधले थोडे सोडायची तयारी ठेवा. पण सूट ‘सवलत’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा. दर ७०० वर आणू नका. एकदा ७०० लिहिलंत की पुढच्या कामाला तुमचा दर ७०० झाला.

क्लायंट नेहमी म्हणतात, ‘एवढासा शब्द घालायचाय, पाच मिनिटांचं काम.’ खरंच पाच मिनिटांचं असतं. त्याचे तासाने पैसे कसे लावू? (नाशिक)

खरंच पाच मिनिटांचं असतं का? घड्याळ लावून बघितलंय?

‘अस्सल’ हा एक शब्द पाकिटाच्या दर्शनी बाजूला घालायचाय असं धरू. छपाईला दिलेल्या फाइलमधला मजकूर आपण कर्व्ह करून ठेवलेला असतो, म्हणजे अक्षरांचे आकार झालेले असतात, त्यात टाइप करता येत नाही. म्हणून आधी कर्व्ह न केलेली फाइल शोधायची. ती त्याआधीच्या राउंडची निघते, मग मधले बदल पुन्हा तपासायचे. मराठी मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असेल तर मालकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला शब्द तिथे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. तो हाताने पुन्हा टाइप करायचा. ओळ लांबते, खालची ओळ सरकवायची. मग दुसरी चव, तिसरी चव. पुन्हा कर्व्ह, पीडीएफ, झूम करून जोडाक्षरं तपासणं, पाठवणं. माझ्याकडे हे पस्तीस-चाळीस मिनिटांखाली कधी झालेलं नाही. शब्द घालायला पाच मिनिटं लागतात हे खरं, पण त्यासाठी अख्खं गाठोडं सोडून पुन्हा बांधावं लागतं.

म्हणून कोटेशनमध्ये कमीत कमी आकारणी लिहा, अर्धा तास म्हणा. आणि राउंड म्हणजे काय तेही लिहा, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात. मी असं लिहितो: एका माणसाकडून, एका यादीत, एकदम आलेले बदल म्हणजे एक राउंड. मी नवी पीडीएफ पाठवली की तो राउंड संपला. सकाळी मुलगा, दुपारी वहिनी आणि रात्री मालक असे तीन वेगवेगळे मेसेज आले, तर मी काम सुरू करत नाही. तिघांचं एकत्र करून पाठवा म्हणतो. तिथेच एक राउंड वाचतो.

आणखी एक, हे पाकिटवाल्यांसाठी. लॅमिनेट पाउच ग्रॅव्ह्युअरवर छापायचे असतील तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरला जातो. सिलिंडर कोरून झाल्यावर ‘एवढासा शब्द’ आला तर तुमचा अर्धा तास हा खर्चातला सगळ्यात लहान भाग असतो, सिलिंडर नव्याने करायला लागू शकतो. तो खर्च कुणाचा, हे प्रिंटरला विचारून आधीच ठरवा. अंतिम पीडीएफवर मालकांचं ‘तपासलं, छापा’ असं लेखी आल्याशिवाय फाइल प्रेसला सोडू नका.

तासांचा पुरावा मागितला तर काय दाखवू? मित्र म्हणतो प्रत्येक राउंडला सरळ तीन तास लावायचे, कोण बघतंय.

मित्राला सांगा, क्लायंट बघतो. आणि प्रत्येक वेळी नेमके तीनच तास दिसले की त्याला लगेच कळतं.

टायमरचं कुठलंही साधं अॅप घ्या, नाहीतर वही. तारीख, सुरू, बंद, काय केलं. पंधरा मिनिटांचे टप्पे धरलेत तर तसं आधी सांगा आणि बेरीज शेवटी एकदाच वर न्या. प्रत्येक नोंद वेगवेगळी वर नेत गेलात की दहा नोंदींत तासभर फुकटचा चढतो, आणि ही युक्ती एजन्सीवाले क्लायंट ओळखून आहेत. बदल समजून घ्यायला केलेला फोन धरा. सॉफ्टवेअर बंद पडलं, वीज गेली, स्वतःची चूक सुधारली, हे धरू नका.

वाढीव रकमेवर जीएसटी लागतो का? एकाने सांगितलं, तासाच्या कामावर टीडीएस कापतच नाहीत.

तो ‘एक जण’ मला कधीतरी भेटायचाय. रक्कम एकगठ्ठा आहे की तासाची, याने टीडीएसला फरक पडत नाही. कापायचा की नाही आणि किती, हे क्लायंट कोण आहे आणि वर्षभरात त्याने तुम्हाला एकूण किती दिले यावर ठरतं. जीएसटीची नोंदणी असेल तर वाढीव रकमेवरही लागतो, आणि सुधारित कोटेशनमध्ये तो वेगळा दाखवा. नोंदणी नसेल तर आकारताच येत नाही. महाराष्ट्रात नुसत्या सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. बाकीचं सीएला विचारा, मला नको.

मी दुसऱ्या बाजूची आहे. घरगुती लोणची विकते. डिझायनरने लेबलांचे २२,००० सांगितले होते. काम झाल्यावर बिल आलं ३४,००० चं, ‘अतिरिक्त १२ तास’. तासाचा हजार हा दर मला त्या बिलातच पहिल्यांदा कळला. द्यावे लागतील का? (ठाणे)

तुमच्या डिझायनरने नेमकं तेच केलं ज्याच्यावर मी वर कोल्हापूरच्या बाईंचं डोकं खाल्लं. आधी न सांगितलेला दर बिलातून लागू होत नाही. कराराच्या अटी बदलायच्या तर दोघांची संमती लागते.

पण म्हणून १२ तासांची किंमत शून्य, असंही समजू नका. आपला व्हॉट्सअॅप एकदा वर सरकवून वाचा. बदल कुणी सांगितले, किती वेळा? भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम ७० चा गाभा असा की कुणी फुकट करायच्या इराद्याशिवाय तुमच्यासाठी काही केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर त्याची भरपाई द्यावी लागते. तुमच्या प्रकरणात ते कितपत बसतं हे वकीलच सांगेल, आणि १२,००० साठी वकिलाकडे जाणं परवडतं का तेही बघा.

मी असतो तर असं केलं असतं. २२,००० मधलं जे बाकी आहे ते आजच देऊन टाकलं असतं, म्हणजे तुमच्या बाजूला थकबाकी राहत नाही. मग राउंडप्रमाणे तासांची यादी मागितली असती. त्यातली डिझायनरची स्वतःची दुरुस्ती वजा केली असती, आणि उरलेल्याचा मधला आकडा फोनवर ठरवून ईमेलवर पक्का केला असता. वाद मिटेपर्यंत नवी लेबलं छापायला टाकू नका. बिल नाकारायचं आणि लेबलं वापरायची, हे दोन्ही एकदम जमत नाही.

पैसे येईपर्यंत फाइल अडवून ठेवली तर चालेल का? ग्रुपमध्ये सगळे म्हणतात, कॉपीराइट आपलाच असतो.

‘सगळे’ थोडं घाईत आहेत. कॉपीराइट कायद्यात सर्वसाधारणपणे पहिला मालक करणारा असतो. पण नोकरीतलं काम, पैसे घेऊन केलेली काही विशिष्ट प्रकारची चित्रं आणि छायाचित्रं यांना अपवाद आहेत. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, हे कलम १९. तुमचं लेबल नेमकं कुठे बसतं ते वकिलाला दाखवून घ्या.

व्यवहारात सांगायचं तर अडवायचं असेल ते कोटेशनमध्ये लिहूनच अडवा: ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर छपाईची फाइल.’ तोवर कमी रिझोल्युशनची, ‘नमुना’ असं आडवं लिहिलेली पीडीएफ जाऊ द्या. आधी न लिहिता, वाद फक्त जादा तासांचा असताना आणि मूळ रक्कम मिळालेली असताना, प्रेसच्या आदल्या रात्री फाइल धरून बसणं ही खंडणी झाली. तसं करणाऱ्याकडे मी स्वतः काम देत नाही.

उद्यम नोंदणी केली की ४५ दिवसांत पैसे मिळतातच असं एका रीलमध्ये पाहिलं. माझं जादा राउंडचं १४,००० चं बिल सहा महिने अडकलंय. आता नोंदणी करून टाकू का?

नोंदणी करा, फुकट आहे. सरकारी पोर्टलवरच करा, पैसे मागणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या साइट आहेत. ‘मिळतातच’ हा शब्द मात्र रीलमध्ये सोडून द्या.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा विकास कायदा २००६ चा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करारात मुदत असेल तर त्या मुदतीत, पण काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रार फॅसिलिटेशन काउन्सिलकडे. मेख अशी की काम आधी आणि नोंदणी नंतर असेल तर हे संरक्षण जुन्या बिलाला मिळतं का, यावर कोर्टात वाद झालेले आहेत. या १४,००० च्या भरवशावर राहू नका, वकिलाला विचारा. थकबाकीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, सहा महिने तर गेलेच.

आणि मुख्य गोष्ट तुमच्या पत्रात नाही. ते जादा राउंड क्लायंटने कुठे मान्य केले होते? तो ईमेल असेल तर वकिलाकडे जाताना त्याची प्रिंट सोबत न्या. नसेल तर आज रात्री तासांची यादी करून पाठवा आणि उत्तर मागा.